दूध साकळलं की स्तनदाह?

इंदापूर किंवा बारामती तालुक्यातल्या वस्तीवर बाळंतीण दवाखान्यातून घरी येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. दोन्ही स्तन दगडासारखे होतात, कातडी ताणून चकाकते, बाळाच्या तोंडात बोंड धरवत नाही. घरात म्हणतात, 'दूध साकळलं.' मग शेक देऊन जोरात चोळणं सुरू होतं.

हा पहिला गैरसमज. त्या दगडात निम्मं दूध असलं, तर उरलेली सूज आहे. वाढलेला रक्तपुरवठा आणि पेशींभोवती साठलेलं पाणी चोळून निघत नाही. उलट सूज वाढते. पाजण्याआधी बोटांची टोकं बोंडाभोवतालच्या काळ्या भागावर ठेवून मिनिटभर हळूच आत दाबावीत. तेवढा भाग मऊ पडतो आणि बाळ तोंड मोठं उघडून तो पकडू शकतं. पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवावा. हे साकळणं बहुधा दोन्हीकडे असतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं.

आता तीच बाळंतीण बाराव्या दिवशी पाहू. बाळ नुसतं बोंडच चोखत होतं, म्हणून उजव्या बोंडाला चीर पडली. दुखतं म्हणून त्या बाजूनं पाजणं कमी झालं. संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, ताप १०२. उजव्याच स्तनावर कलिंगडाच्या फोडीसारखा पट्टा, टोक बोंडाकडे, रुंद बाजू बाहेर. स्तनातल्या दूधनळ्या अशाच पसरलेल्या असतात, म्हणून एका भागाची सूज त्या आकारात दिसते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. हाताच्या पाठीनं दोन्हीकडची उष्णता ताडून पाहावी. हा स्तनदाह.

'बाळंतिणीला दुधाचा ताप येतोच' म्हणून कुणी थांबू नये. गर्भाशयाच्या, टाक्यांच्या किंवा लघवीच्या संसर्गानंही ताप चढतो, त्यामुळे १००.४च्या वर गेला की डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

'दूध नासलंय, पाजू नको' हा सल्ला सगळ्यांत घातक. या दुधानं बाळाला सहसा काही होत नाही, आणि पाजणं अचानक थांबवलं की तो भाग आणखी तुंबतो. तसंच स्तन 'रिकामा' करायच्या नादात पंपानं सारखं दूध काढू नये. जितकं काढाल तितकं वाढतं. बाळाला लागेल तेवढं पाजावं. जंतुसंसर्ग नसलेला दाह बर्फानं आणि डॉक्टरांनी दिलेल्या सूज उतरवणाऱ्या गोळीनं २४ तासांत उतरू लागतो. तसं झालं नाही, ताप टिकला किंवा तब्येत ढासळली, तर पाजताना चालणारं अँटिबायोटिक लागतं आणि त्याचा कोर्स पुरा करावा लागतो.

चीर पडली की साबण, हळद लावत बसण्यापेक्षा पकड सुधारावी: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. तिसऱ्या दिवशीच त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवावं. ताप उतरला तरी गाठ राहिली आणि दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटलं, तर तो पू असतो. सोनोग्राफी करून सुईनं काढावा लागतो.