ट्रॉली निघण्यापूर्वी

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सात वाजता वॉर्डातल्या सिस्टर हातात एक छापील फॉर्म घेऊन खाटेजवळ येतात आणि नाव विचारतात. नाव समोरच्या कागदावर आहे, मनगटावरच्या पट्टीवरही आहे. तरी त्या "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारत नाहीत, "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणतात. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो, स्वतःचं नाव मात्र त्याला स्वतःच सांगावं लागतं. वॉर्डातल्या तपासणी-यादीचं सगळं काम अशा प्रश्नांवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेली शस्त्रक्रिया-सुरक्षेची यादी थिएटरमध्ये, भूल देण्याच्या आधी सुरू होते. वॉर्डातली यादी त्याच्याही आधीची. त्या वेळी रुग्ण पूर्ण जागा असतो, निवांत बोलू शकतो आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायला वेळ असतो.

समजा, शांताबाई बासष्ट वर्षांच्या आहेत, उजव्या मूत्रपिंडात गाठ आहे आणि ते मूत्रपिंड काढायचं आहे. यादीत त्यांचा पहिला नंबर, साडेआठचा.

पहिला कागद संमतिपत्राचा. त्यावर सही आहे का, एवढंच पाहून भागत नाही. सही कोणाची आहे, कोणत्या शस्त्रक्रियेसाठी आहे आणि झोपेचं किंवा गुंगीचं औषध देण्याआधी घेतली आहे का, हे पाहावं लागतं. आपल्याकडे फॉर्म सवयीने नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे सरकवला जातो. पण रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिलेल्या एका निकालात हे स्पष्ट झालं. दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती संमती दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय ती भुलेत असताना काढलं गेलं होतं, आणि त्यासाठी बाहेर बसलेल्या तिच्या आईचा होकार घेतला होता. जिवाला तातडीचा धोका नसताना आईचा होकार मुलीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून सिस्टर शांताबाईंना विचारतात, "मावशी, आज काय करणार आहेत, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" त्यांनी स्वतःच्या शब्दांत "उजव्या बाजूची किडनी काढणार" असं सांगितलं आणि फॉर्मवर "उजवे" हा शब्द पूर्ण लिहिलेला असला, की पुढे जायचं. "काय ते डॉक्टरांनाच माहीत" असं उत्तर आलं, तर सही असूनही सर्जनना बोलावून पुन्हा समजावून सांगायला लावायचं.

यानंतरचा प्रश्न बाजूचा, आणि तो सगळ्यांत जास्त वेळ देण्याजोगा आहे. मूत्रपिंड बाहेरून दिसत नाही, कुशीवर वळवलेल्या आणि कापडांनी झाकलेल्या शरीरात तर डावं-उजवं सहज गोंधळतं. वेल्समधल्या लनेथली गावच्या रुग्णालयात जानेवारी 2000 मध्ये एका वृद्धाचं रोगट उजवं मूत्रपिंड काढायचं होतं, आणि काढलं गेलं चांगलं डावं. भरतीच्या चिठ्ठीवर बाजू चुकीची पडली होती. थिएटरमध्ये एक्स-रे उलटा लावला गेल्याने ती चूक पकडण्याची संधीही हुकली. बघायला उभ्या असलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने शंका बोलून दाखवली होती, पण ती मानली गेली नाही. काही आठवड्यांनी रुग्ण दगावला. पहिला कागद चुकला आणि पुढच्या प्रत्येकाने तोच खरा धरला, ही त्या घटनेतली खरी भीतीदायक गोष्ट आहे.

शांताबाईंच्या उजव्या कुशीवर सर्जननी, म्हणजे जो हात चालवणार त्याने किंवा शस्त्रक्रियेत सोबत असणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने, न पुसणाऱ्या मार्करने बाण काढलेला असायला हवा. फुलीची खूण करायची नाही, कारण फुलीचा अर्थ "इथे" असाही होतो आणि "इथे नाही" असाही. जंतुनाशकाने त्वचा पुसल्यावर बाण टिकला पाहिजे आणि कापडं अंथरल्यावरही दिसला पाहिजे. सिस्टर तो बाण संमतिपत्राशी, सीटी स्कॅनच्या अहवालाशी आणि शांताबाईंच्या तोंडच्या उत्तराशी ताडून बघतात. एकाच कागदावरून उतरवलेले तीन कागद जुळले तर त्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून स्कॅन आणि रुग्ण हे दोन स्वतंत्र साक्षीदार महत्त्वाचे. बाण नसेल तर सिस्टरनी स्वतः काढायचा नाही. सर्जन वॉर्डात येईपर्यंत ट्रॉली थांबते.

"काही खाल्लं नाही ना?" या प्रश्नाला बहुतेक घरांत "नाही" हेच उत्तर येतं, कारण चहाला कोणी खाणं म्हणत नाही. "शेवटचं तोंडात काय घेतलं, आणि किती वाजता?" असं विचारल्यावर शांताबाई सांगतात, "रात्री नऊला भाकरी-भाजी. आणि सकाळी साडेपाचला घोटभर चहा, सुनेने थर्मासमधून आणलेला." चहा दुधाचा. भूल देताना गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं आणि पोटातलं आम्ल तिथे गंभीर इजा करतं. म्हणून हलक्या जेवणानंतर सहा तास, तळलेल्या किंवा मांसाहारी जेवणानंतर आठ तास थांबायचं. साधं पाणी किंवा दूध नसलेला चहा मात्र दोन तास आधीपर्यंत चालतो. दूध पोटात घट्ट होतं, त्यामुळे ते जेवणाच्या हिशेबात धरतात. साडेपाचनंतर सहा तास म्हणजे साडेअकरा. सिस्टर भूलतज्ज्ञांना फोन करतात, आणि शांताबाईंचा पहिला नंबर दुसरा होतो.

सावधगिरी म्हणून मध्यरात्रीपासून पाणीही बंद ठेवण्याची जुनी सवय अनेक वॉर्डांत अजून आहे. म्हाताऱ्या माणसाचं अंग त्याने कोरडं पडतं, मधुमेह्याची साखर घसरू शकते. म्हणून नंबर पुढे गेल्यावर शांताबाईंना साडेनऊपर्यंत पाणी पिऊ द्यायचं की नाही, हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं असतं. रक्तदाबाची सकाळची गोळी द्यायची का, हेही तेव्हाच ठरतं.

दागिन्यांशी कधीकधी डोळ्यांतलं पाणी येतं. मंगळसूत्र काढायला सांगितलं की शांताबाईंचा हात गळ्याशी जातो. अशा वेळी सिस्टरनी कारण सांगायला हवं. गळ्याजवळ श्वासाची नळी बसवायची असते, कधी मानेच्या शिरेत सुईही घालावी लागते. तासन् तास कुशीवर पडून राहिल्यावर बांगडी किंवा जोडवं त्वचेत रुततं, सलाइनने बोटं सुजली की अंगठी आवळते. रक्तस्राव थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे धातूपाशी भाजण्याचा धोकाही असतो, आधुनिक यंत्रांत तो बराच कमी झाला आहे. साबणपाण्यानेही न निघणारी अंगठी चिकटपट्टीने झाकतात आणि तशी नोंद करतात. काढलेले दागिने नातेवाइकाच्या हाती देऊन सही घेतात. नोंदीत "सोन्याचे" असं न लिहिता "पिवळ्या धातूचे" लिहायचं, कारण धातूची पारख करणं हे वॉर्डाचं काम नाही. कवळी, हलणारे दात आणि नेलपॉलिश यांची चौकशीही इथेच होते. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र गडद रंगामुळे चुकू शकतं.

शेवटचा प्रश्न रक्ताचा, आणि इथे "रक्ताची सोय झाली" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुलाने रक्तपेढीत जाऊन रक्तदान केलं, एवढ्याने शांताबाईंसाठी पिशवी तयार होत नाही. त्यांच्या नमुन्यातलं रक्त आणि नेमक्या त्या पिशवीतलं रक्त जुळवून पाहावं लागतं, आणि त्याला साधारण पाऊण तास लागतो. आधीच्या रक्तसंक्रमणामुळे किंवा बाळंतपणांमुळे रक्तात वेगळ्या प्रतिद्रव्यांची भर पडली असेल, तर जुळणारी पिशवी शोधायला कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून सिस्टर रक्तपेढीला फोन करून दोन पिशव्या जुळवून राखल्या आहेत का ते विचारतात आणि त्यांचे क्रमांक फॉर्मवर उतरवून घेतात. पिशव्या मात्र मागवायच्या नाहीत. त्यांना 2 ते 6 अंश तापमान लागतं, वॉर्डात पडून राहिलेली पिशवी वाया जाऊ शकते.

या सगळ्यात नमुन्याची बाटली फार जपायची असते. रक्त काढल्यावर खाटेपाशीच, मनगटाची पट्टी वाचून तिच्यावर नाव लिहायचं. चार बाटल्या ट्रेमध्ये घेऊन टेबलावर नावं लिहीत बसलं, की अदलाबदलीला वाट मिळते. चुकीच्या गटाचं रक्त थोडं जरी गेलं तरी जिवावर बेतू शकतं. जुन्या अहवालातला रक्तगट आज लागलेल्या गटाशी जुळला नाही, तर दोन्ही बाजूला ठेवून नव्याने नमुना घेतात.

अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाला यातलं काहीच विचारता येत नाही. जीव वाचवण्यासाठी संमतीशिवाय शस्त्रक्रिया करायला कायदा मुभा देतो. पोट भरलेलंच आहे असं गृहीत धरून भूलतज्ज्ञ वेगळ्या पद्धतीने, घाईने नळी घालतात, आणि वेळ नसेल तर जुळवणी न केलेली ओ गटाची पिशवी वापरतात. शांताबाईंच्या बाबतीत मात्र वेळ आहे. साडेअकराला थिएटरच्या दारात तिथल्या सिस्टर वॉर्डाच्या सिस्टरकडून फॉर्म घेतात, मनगटाची पट्टी बघतात आणि पुन्हा म्हणतात, "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे ते."