तफावतीचा ताळा

४.११x + ३.०७y = ५.१५
२.८७x + २.१९y = ३.५५

खरे उत्तर x = २, y = उणे १. पण प्रत्येक पायरीवर तीनच सार्थ अंक ठेवून सोडवले, तर x = १.८५ आणि y = उणे ०.८० येते. पहिल्या समीकरणाची ०.६९८ पट दुसऱ्यातून वजा केली की y चा सहगुणक ०.०४७१ उरायला हवा. आपल्याकडे २.१९ वजा २.१४, म्हणजे ०.०५ उरतो. जवळपास समान संख्यांची वजाबाकी झाली आणि नेमके कामाचे अंक गेले.

असे उत्तर सुधारण्याची रीत जेम्स विल्किन्सन यांनी १९४८ साली, इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या संगणक प्रकल्पाच्या अहवालात मांडली. आलेले उत्तर मूळ समीकरणांत घालायचे, उजव्या बाजूशी किती तफावत राहते ते काढायचे, त्या तफावतीसाठी तीच समीकरणे पुन्हा सोडवायची आणि आलेली दुरुस्ती उत्तरात मिळवायची. निरसन एकदाच करून जपून ठेवलेले असते, म्हणून फेरी स्वस्त पडते. हजार अज्ञातांना निरसनासाठी सुमारे ६७ कोटी क्रिया लागतात, तर एका फेरीला जेमतेम ४० लाख.

सगळी मेख तफावत काढण्यात आहे. तीही तीनच अंकांत काढली, तर ०.०१ आणि उणे ०.०१ येते. ही निव्वळ अंक छाटल्याची धूळ आहे. तिच्यावरून दुरुस्ती केली की y एकदम उणे १.१४ वर जातो, म्हणजे खऱ्या उत्तराला ओलांडून पलीकडे. तीन अंकी संख्यांचा गुणाकार सहा अंकांत पूर्ण मावतो. ते सहाही अंक राखून बेरीज-वजाबाकी केली, तर तफावत ०.००२५ आणि उणे ०.००७५ निघते. बाकी सारे तीनच अंकांत ठेवूनही y पहिल्या फेरीत उणे ०.९८५, दुसरीत उणे ०.९९९ आणि तिसरीत उणे १.०० होतो. x पण २.०० वर थांबतो. मला या रीतीचे सर्वांत मोठे देखणेपण इथेच दिसते: जास्तीची अचूकता फक्त एका वजाबाकीला लागते.

दुरुस्त्यांकडे पाहा: ०.१८५, ०.०१३८, ०.००१. प्रत्येक वेळी सुमारे तेरापट घट. ही घट मंदावली, दुरुस्ती आधीच्या निम्म्याहूनही कमी होईना, तर समीकरणे या अंकसंख्येला पेलणारी नाहीत असे समजून थांबावे. मग निरसनच अधिक अंकांत करावे लागते.

आणखी एक अट आहे, आणि ती गणिताबाहेरची आहे. २.१९ हा अंक मोजमापातून आला असेल, तर तो खरा २.१८५ असू शकतो किंवा २.१९५. पहिल्या बाबतीत y उणे १.१२ होतो, दुसऱ्यात उणे ०.९०. आपण तीन फेऱ्या करून मिळवलेले उणे १.०० हे कागदावर लिहिलेल्या समीकरणांचे अचूक उत्तर आहे. ज्या वस्तूवरून ती लिहिली तिच्याबद्दल पहिल्या दशांश स्थळाचीही खात्री त्यातून मिळत नाही. सहगुणक नेमके माहीत असतील, तेव्हाच हे कष्ट सार्थकी लागतात.