‘ही जागा रिकामी का झाली?’

कंपनीत काही बिनसलेले असेल, तर त्याची पहिली चाहूल मुलाखतीतल्या उत्तरांमधून लागते. ज्याला काम नीट माहीत आहे आणि लपवण्यासारखे काही नाही, तो माणूस बोलताना आकडे सांगतो, तारखा सांगतो, कोण काय करते ते सांगतो. ज्याला सांगायचे नसते तो विशेषणांवर भागवतो. ‘कामाचे तास कसे असतात?’ या प्रश्नावर ‘आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे’ असे ऐकू आले, तर ते उत्तर वातावरणाबद्दल झाले, तासांचा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून प्रश्नच असा विचारावा, की त्याचे उत्तर विशेषणात देता येणार नाही. समजा, पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स विभागातल्या जागेसाठी मुलाखत आहे. ‘कामाचा ताण असतो का?’ असे विचारले, तर ‘थोडाफार सगळीकडेच असतो’ एवढेच हाती लागेल. पण दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी. त्यामुळे ‘वीस तारखेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत टीम किती वाजता घरी जाते?’ असे विचारले, की समोरच्याला घड्याळाकडे बघूनच बोलावे लागते. ‘आठ-साडेआठ होतात, बाकी महिना सहाला सुटतो’ हे उत्तर कानाला फार गोड लागत नाही, पण ते खरे असण्याची शक्यता जास्त. ‘आम्ही घड्याळ बघत नाही’ असे कोणी म्हटले, तर उशिरापर्यंत थांबणे तिथे गृहीतच धरलेले आहे, असे समजायला हरकत नाही.

सर्वांत जास्त माहिती देणारा प्रश्न म्हणजे ‘ही जागा रिकामी का झाली?’ तो एकट्या एचआरला विचारून थांबू नये. पुढे ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांनाही तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारावा. वरच्या उदाहरणात एचआर म्हणते, ‘व्यवसाय वाढलाय, नवीन जागा आहे.’ तासाभराने विभागप्रमुख बोलण्याच्या ओघात सांगतात, ‘आधीच्या मुलानं दोन महिन्यांचं काम अर्धवट टाकलंय, ते आधी निस्तरावं लागेल.’ दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. इथे वाद न घालता फक्त पुढचा प्रश्न टाकावा: तो मुलगा किती काळ होता, आणि त्याच्या आधी कोण होते? दीड वर्षात तिघे येऊन गेले असतील, तर अडचण त्या तिघांत नसून जागेत आहे. मात्र ‘त्यांनी वैयक्तिक कारणानं सोडलं, त्याबद्दल मी बोलणार नाही’ हे उत्तर धोक्याचे मानू नये. गेलेल्या माणसाची बदनामी टाळणे ही उलट चांगली खूण आहे.

मिळालेली उत्तरे थोडीफार पडताळूनही पाहता येतात. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकून शोधले, की त्या कंपनीने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, हे दिसते. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तो वारंवार महिना-दोन महिने उशिरा भरलेला दिसला, तर पगारही वेळेवर होतात का, हे विचारायलाच हवे. ‘व्यवसाय वाढलाय’ म्हणणाऱ्या कंपनीतली कर्मचाऱ्यांची संख्या वर्षभरात निम्म्यावर आली असेल, तर तेही तिथेच कळते. अर्थात वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला पीएफचा कायदा सहसा लागू होत नाही आणि कंत्राटी कामगार दुसऱ्याच नावाखाली मोजले जातात. त्यामुळे नोंद सापडली नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये.

गोलमोल उत्तरांची पुढची पायरी म्हणजे घाईची ऑफर. संध्याकाळी फोन येतो: ‘सिलेक्शन झालंय, सीटीसी सहा लाख, उद्या बारापर्यंत हो सांगा आणि आजच राजीनामा टाका. लेटर जॉइनिंगच्या दिवशी मिळेल.’ या घाईचे कारण बहुतेक वेळा कागदात असते. सहा लाख म्हटल्यावर मनात महिना पन्नास हजार येतात. पण समजा, त्यात नव्वद हजार ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कंपनीने ठरवले तर वर्षअखेरीस मिळणारे. मूळ पगार महिना पंचवीस हजार असेल, तर त्याच्या १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफचा वाटा वर्षाला छत्तीस हजार होतो आणि तोही सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी आणखी सुमारे साडेचौदा हजार धरतात. उरलेल्या रकमेतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा छत्तीस हजारांचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला, की हातात महिन्याला साधारण पस्तीस हजार पडतात. ही मांडणी बेकायदा नाही, अनेक चांगल्या कंपन्याही ती वापरतात. पण चांगली कंपनी हा तक्ता होकार मागण्याआधी पाठवते.

कागद हाती आल्यावर दोन कलमे सावकाश वाचावीत. पहिले नोटीस पीरियडचे. कंपनी पंधरा दिवसांत काढू शकते आणि कर्मचाऱ्याला मात्र नव्वद दिवस थांबावे लागते, असे असेल, तर माणसे तिथून निघून जातात हे कंपनीला ठाऊक आहे. दुसरे बाँडचे. बाँड म्हणजे सरसकट बेकायदा, हा समज चुकीचा आहे. एका सरकारी बँकेच्या तीन वर्षांच्या सेवेच्या अटीला आणि त्यासाठीच्या दोन लाखांच्या रकमेला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. मात्र करार कायदा, १८७२ नुसार लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. म्हणून प्रशिक्षण कोणते, किती दिवसांचे आणि त्यावर खर्च किती, हे विचारावे. आठवडाभराच्या ओळखपरेडीसाठी दोन लाखांचा बाँड असेल, तर तो माणूस अडकवून ठेवण्यासाठी आहे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची किंवा लॅपटॉपसाठी आधी पैसे भरण्याची अट आली, तर पुढे बोलणीच करू नयेत.

प्रत्येक घाई खोटी नसते. कॉलेजच्या कॅम्पसवर एका दिवसात निवड होते, आणि छोट्या कंपनीत मालक स्वतः मुलाखत घेऊन तिथेच होकार देतो. खरी घाई आणि दबाव यांतला फरक वेळ मागितल्यावर कळतो. ‘ऑफरबद्दल आभार. पगाराचा तक्ता, नोटीस पीरियड आणि बाँडच्या अटी असलेले पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत कळवतो,’ एवढा ईमेल पुरतो. खरोखर माणूस हवा असलेली कंपनी पत्र पाठवते, फार तर ‘दोन नको, एक दिवस घ्या’ म्हणते. दबाव टाकणारी कंपनी लेखी उत्तर टाळून फोन करते आणि ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असे विचारते. तो फोन झाल्यावर, त्यात जे काही कबूल केले गेले तेवढेच लिहून दुसरा ईमेल टाकावा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे बाँड नाही, असे मी समजतो.’ त्याला ‘हो’ असे लेखी उत्तर येऊन सही-शिक्क्याचे पत्र हातात पडेपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.