आकडा गाळताना लागणारा उशीर

टाकीत पंपाचं पाणी कोसळतं, पृष्ठभाग हिंदकळतो आणि पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा नाचू लागतो. त्यामागोमाग व्हॉल्व्हही विनाकारण उघडझाप करतो.

समजा, सेकंदाला 10 नोंदी येतात. चल सरासरी शेवटच्या 21 नोंदींची सरासरी काढते. प्रथम-क्रम गाळणी जुन्या उत्तरात नव्या फरकाचा अकरावा हिस्सा मिसळते. विस्कळीत गोंगाट दोन्हींत सारखाच घटतो. पातळी संथ चढत असेल, तर उशीरही सारखाच, 1 सेकंद.

पातळी एकदम उडी मारते, तेव्हा फरक दिसतो. आधी गाळणी पुढे असते, पण 2 सेकंदांनी सरासरी पूर्ण पोचलेली असते आणि गाळणी सुमारे 86 टक्क्यांवर रेंगाळते.

व्हॉल्व्ह मात्र दोन्हींत शिळ्या बातमीवर चालतो. टाकी लहान असेल, तर पातळी ठरलेल्या रेषेभोवती झुलू लागते. तेव्हा 21 ऐवजी 7 नोंदी घेतल्या, तर उशीर 0.3 सेकंदावर येतो.