एकरकमी परतफेड: हप्ता कमी की मुदत कमी?

समजा, ३० लाखांचे गृहकर्ज आहे. मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के, हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही मुद्दल सुमारे २६ लाख ४४ हजार उरते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजातच जातो. आता हाती आलेले ३ लाख एकदम भरले, तर पुढे दोन वाटा फुटतात.

मुदत तीच ठेवली, तर हप्ता २३,०८० वर येतो आणि उरलेल्या १५ वर्षांत सुमारे २ लाख ३२ हजार व्याज वाचते. हप्ता तोच ठेवला, तर कर्ज जवळजवळ तीन वर्षे आधी फिटते आणि वाचणारे व्याज सुमारे ६ लाख ४० हजार होते.

दोन्हीकडे व्याजाचा दर एकच आहे. फरक पडतो तो दरमहा सुटणाऱ्या २,९५५ रुपयांमुळे. पहिल्या वाटेत ते तुमच्या हाती राहतात, दुसरीत ते मुद्दल फेडत राहतात. म्हणून घरखर्चाची खरोखर ओढाताण असेल, तर हप्ता कमी करणेच योग्य. तशी नसेल, तर मी मुदत कमी करायला सांगेन.

कोणता पर्याय हवा, ते पैसे भरतानाच बँकेला लेखी कळवा. नंतर परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहा; ती पुढेच असेल, तर मुदत कमी झालेलीच नाही.