तक्ता रुपयांचा, खांब लाखांचे

एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल एक्सेलमध्ये तयार होतो आहे असे समजा. ठेवी २ कोटी ४० लाख, कर्जे ८७ लाख ५० हजार आणि एका शाखेचा तोटा साडेबारा लाख. आलेख काढला की खांबावर 24,000,000 असा आकडा उमटतो आणि सभासद शून्ये मोजत बसतात. म्हणून कोणी चौकटीत थेट ‘२.४० कोटी’ असे टंकते. पण एक्सेलला तो आकडा नसून मजकूर वाटतो. मग बेरीज चुकते आणि खांबाची उंची शून्य होते. चौकटीत पूर्ण आकडाच ठेवावा आणि फक्त त्याचे दिसणे बदलावे.

इथे अडचण अशी की एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये शेवटी दिलेला स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो. दोन दिले तर दहा लाखांनी. लाखाने भागणारे चिन्हच नाही. त्यावर एक युक्ती आहे. हजाराने भागून जे उरेल, त्याच्या शेवटच्या दोन अंकांआधी टिंब छापायला सांगायचे:

```
"₹ "0\.00," लाख"
```

12,50,000 चे आधी 1250 होतात, मग टिंब पडून ‘₹ 12.50 लाख’ दिसते. टिंबाआधीची तिरकी रेघ महत्त्वाची आहे. ती नसेल तर एक्सेल ते खरे दशांशचिन्ह समजतो आणि ‘1250.00 लाख’ असे शंभरपट छापतो. खांबावरील आकडे निवडून `Format Data Labels`, मग `Number` उघडावे, `Format Code` मध्ये ही ओळ टाकून `Add` दाबावे. तक्त्यातील चौकटींना हीच ओळ `Format Cells` मधल्या `Custom` खाली चालते.

मोठे आकडे कोटीत, लहान लाखात दाखवणारी ओळही लिहिता येते:

```
[>=10000000]"₹ "0\.0,," कोटी";[>=100000]"₹ "0\.00," लाख";"₹ "#,##0
```

आलेखात मात्र ती टाळावी. ‘2.4 कोटी’च्या शेजारी ‘87.50 लाख’ आले की घाईत वाचणाऱ्याला दुसरा आकडा मोठा वाटतो. शिवाय तोट्याचा आकडा शून्याहून लहान असल्याने तो पहिल्या दोन्ही अटींतून निसटतो आणि शेवटच्या भागात जाऊन पूर्ण रुपयांत छापला जातो. पहिल्या, एकाच मापाच्या ओळीत तो नीट ‘-₹ 12.50 लाख’ येतो आणि ठेवी ‘₹ 240.00 लाख’ दिसतात.

जुन्या फॉन्टमध्ये ₹ च्या जागी रिकामी चौकट उमटते, कारण हे चिन्ह २०१० सालचे आहे. तेव्हा छापण्याआधी एक प्रत काढून पाहावी. एका आलेखाला एकच माप ठेवावे आणि ते शीर्षकातही लिहावे: ‘सर्व रकमा ₹ लाखांत’.