दोघे, थोडे आणि पुष्कळ

शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने ‘रामः, रामौ, रामाः’ घोकलेले असते. एक, दोन आणि दोनांहून अधिक असे तीन कप्पे त्यात आहेत. प्राकृतात यांतला मधला कप्पा नाहीसा झाला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात द्विवचनाच्या जागी बहुवचन वापरायचे, असा नियमच आहे. तीच वाट पुढे मराठीत आली. दोन माणसे सांगायची असली तर आपण ‘दोघे’ असा वेगळा शब्द घालतो. पण ‘ते दोघे आले’ आणि ‘ते शंभर जण आले’ यांत क्रियापद बदलत नाही.

द्विवचन समजायला सोपे, कारण दोन म्हणजे दोनच. पण ‘थोडे’ यालाही व्याकरणात स्वतंत्र जागा देणाऱ्या भाषा आहेत. भाषेला ‘थोडे’ ठरवता येते कसे, हे पाहायला फिजी बेटांवरची फिजियन भाषा फार चांगली आहे.

फिजियनमध्ये नाम बहुधा बदलत नाही. ‘ना ङोने’ म्हणजे एक मूल किंवा अनेक मुले. किती, ते क्रियापदाआधीच्या छोट्या सर्वनामावरून कळते. ‘एराउ लाको’ म्हणजे ते दोघे जातात, ‘एरातोउ लाको’ म्हणजे ते थोडे जण जातात आणि ‘एरा लाको’ म्हणजे ते पुष्कळ जण जातात. समोरच्यांशी बोलतानाही हाच भेद पाळतात: एकाला ‘इको’, दोघांना ‘केमुंद्राउ’, थोड्यांना ‘केमुंदोउ’, पुष्कळांना ‘केमुनी’. वडीलधाऱ्या एकट्या माणसालाही आदराने ‘केमुनी’ म्हणतात, जसे आपण ‘तुम्ही’ म्हणतो. शिवाय मराठीतल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखा, ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेदही तिथे आहे आणि त्या प्रत्येकाची पुन्हा दोघांसाठी, थोड्यांसाठी व पुष्कळांसाठी वेगळी रूपे आहेत.

आता प्रश्न असा, की थोडे म्हणजे नेमके किती? ‘केमुंदोउ’मधल्या ‘तोउ’-‘दोउ’ या शेपटाचे मूळ ‘तोलू’, म्हणजे तीन, या संख्येत आहे. त्यावरून हे रूप फक्त तिघांसाठी असेल असे वाटते. ही शंका तपासायची रीत साधी आहे: समोर चार माणसे असताना, मग पाच असताना बोलणारा तेच रूप वापरतो का, ते पाहायचे. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरच्या लारिके भाषेत तिघांसाठीचे सर्वनाम चौथा माणूस आला की चालत नाही. ते खरे त्रिवचन. फिजियनमध्ये मात्र चार, पाच किंवा त्याहून जास्त माणसांनाही ‘केमुंदोउ’ चालते. मूळचा ‘तीन’ हा अर्थ सैल होऊन ‘थोडे’ झाला आहे.

ही सैल सीमा कुठे पडते, हे भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तावेउनी बेटावरच्या बौमा बोलीचा अभ्यास करून दाखवले. त्यांचे व्याकरण 1988 साली प्रसिद्ध झाले. तिथे ‘थोडे’ ही ठरावीक संख्या नाही, ती तुलना आहे. समजा, गावाच्या बैठकीत एक जण बोलतो आहे. साऱ्या गावाला उद्देशून बोलताना तो पुष्कळांचे रूप वापरील. मग त्यातल्याच एका गटाकडे वळून ‘तुम्ही मंडळी हे काम करा’ असे सांगताना थोड्यांचे रूप येईल, मग त्या गटात दहा जण का असेनात. तोच गट दुसऱ्या दिवशी एकटा जमला आणि त्याहून मोठा समूह कुणाच्या मनात नसला, तर त्याच दहा जणांना पुष्कळांचे रूप लागू शकते. माणसे तितकीच, पण कोणत्या साऱ्यांपुढे त्यांना मोजले, ते बदलले. पक्की अट एवढीच, की थोडे म्हणजे दोनांहून जास्त आणि पुष्कळ म्हणजे त्या थोड्यांहून जास्त.

सगळीकडे ‘थोडे’ असे दोनांच्या पुढेच सुरू होतात असेही नाही. इथिओपियातल्या बायसो भाषेत हा भेद नामातच दिसतो. ‘लुबान’ म्हणजे सिंह, किती ते न सांगता; ‘लुबांतिती’ एक सिंह, ‘लुबांजा’ थोडे सिंह, ‘लुबांजोल’ पुष्कळ सिंह. इथले ‘थोडे’ दोनांपासून साधारण सहापर्यंत जातात, कारण या नामांना द्विवचन नाही.

जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली मांडले होते, की द्विवचन असल्याखेरीज भाषेत त्रिवचन येत नाही आणि बहुवचन असल्याखेरीज द्विवचन येत नाही. दोन आणि तीन या नेमक्या संख्या असल्याने त्यांची अशी उतरंड लावता येते. ‘थोडे’ त्या उतरंडीत बसत नाही. बायसोसारख्या भाषेत ते द्विवचनावाचून नांदते, आणि फिजियनमध्ये त्याची वरची मर्यादा समोरच्या साऱ्या समूहाकडे पाहून ठरते.